‘नको’ एवढं पाठवा

चेतना तीन आठवडे आईसमोर बसून जेवली आणि एक प्रश्न तिने विचारला नाही. प्रश्न साधा होता. आई, तू ते उत्तर का नाही दिलंस?

मी त्या तीन आठवड्यांत रोज आठ तास तिच्या शेजारच्या खुर्चीवर होते. मला काही कळलं नाही. ती पाय हलवत बसायची. मी म्हणायचे, टेबल हलतंय, पाय थांबव. ती थांबवायची. दोन मिनिटांनी टेबल परत हलायचं.

आमचं ऑफिस अंधेरी पश्चिमेला, एका झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. संस्था छोटी. बायकांच्या कामाच्या जागांवर अभ्यास करते. मी मराठी घेऊन एमए केलं आणि सहा महिने घरी बसल्यावर इथे लागले. काम असं की प्रश्नावल्या नीट मराठीत लिहायच्या. मी मुलुंडची. मासळी आणायला बाबा जातात, मी पिशवी धरायलाही कधी गेले नव्हते. चेतना वर्सोव्याकडची कोळ्याची मुलगी. बीकॉम. तिची आई सरूबाई अंधेरीच्याच एका बाजारात ओट्यावर बसते. वडील धाकू पूर्वी बोटीवर जायचे. दोरात पाय अडकून गुडघा गेला, तेव्हापासून घरी जाळी विणतात. चेतनाचं शिक्षण आईच्या टोपलीतून झालं. हे ती कधी कौतुकाने सांगत नाही. विचारलं तर म्हणते, मग कशातून होणार?

पाहणी होती मासळी विकणाऱ्या बायकांची. तीन बाजार, दोनशे चाळीस जणी. पाणी कुठून आणता, संडास आहे का, बर्फ किती लागतो, हाताला जखमा किती वेळा होतात, ओटा कोणाच्या नावावर, रोज किती तास बसता. बावीस प्रश्न. आधी प्रत्यक्ष जाऊन प्रत्येकीला सगळं समजावलं, तिची संमती घेतली, मोबाईल नंबर घेतला. चेतनाच्या आईच्या बाजारात चेतना जाणार नाही, असं आमच्या प्रमुख रुचिका मॅडमनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. तिथे मी गेले. सरूबाईंचा नंबर मीच लिहून घेतला. त्यांनी मला बसायला पाट दिला आणि विचारलं, लग्न झालाय का?

मग प्रत्येकीच्या फोनवर लिंक गेली. प्रत्येकीला वेगळा कोड. उत्तरं कोडखाली जमा व्हायची, नाव त्यात कुठेच नाही. कुठला कोड कोणाचा, ही यादी वेगळ्या फाईलमध्ये, पासवर्ड लावून. ती फाईल एकटी चेतना उघडायची, कारण फोनचं सगळं काम तिच्याकडे. म्हणजे कोणी काय उत्तर दिलं हे तिला दिसायचं नाही. कोणी उत्तर दिलंच नाही, हे मात्र दिसायचं. ती यादी कोणाला सांगायची नाही, असं तिने सही करून दिलं होतं.

दहा दिवसांत एकशे अठरा उत्तरं आली. एकशे बावीस जणी गप्प.

मॅडमची झोप उडाली. पैसे देणाऱ्या संस्थेला सत्तर टक्के हवे होते. सत्तर टक्के म्हणजे एकशे अडुसष्ट. तेवढे झाले तर दुसरा टप्पा, दोन वर्षांचा. चेतनाचं आणि माझं काम त्याच्यावर. मॅडम वाईट नाहीत. आमच्यासाठी डबा जास्तीचा आणतात. पण त्या दिवसांत त्या दर तासाला येऊन विचारायच्या, किती झाले?

आठवणीचा मेसेज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी जीव ओतून लिहिलं. ‘तुमचा आवाज मोलाचा आहे. तो आमच्यापर्यंत पोहोचू द्या.’ चेतनाने वाचलं.

“मासळीवालीला आवाज शिकवतेस?” ती म्हणाली. “माझ्या आईने हाक मारली ना, तर सात बंगल्याला ऐकू जाते.”

मी खोडलं. मग साधं लिहिलं. पाहणी अजून चालू आहे, वेळ मिळाला तर उत्तर द्या, ही लिंक. त्यावर मॅडम म्हणाल्या, हे फारच फिकं आहे. त्या एका कार्यशाळेला जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांनी ऐकलं होतं की आपल्या आसपासच्यांनी उत्तर दिलंय हे सांगितलं की माणसं उत्तर देतात. हे खोटं नाही, खूप ठिकाणी तसं होतं. मॅडम म्हणाल्या, दोन्ही करून बघू. अर्ध्या जणींना साधा मेसेज, अर्ध्यांना नवा. कोणाला कुठला, हे कंप्यूटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवेल. मग कळेलच कुठला चालतो.

नवा मेसेज मी लिहिला. ‘तुमच्या ओळीतल्या १० पैकी ९ जणींनी माहिती दिली आहे. तुमची बाकी आहे.’ आकडा प्रत्येक ओळीप्रमाणे बदलायचा. मला तो आवडला होता. त्यात एक फालतू शब्द नव्हता.

चेतनाने तो दोनदा वाचला.

“ओळ नको ना लिहू,” ती म्हणाली. “बाजार म्हण. ओळ नको.”

मॅडमनी विचारलं, का? बाजारात ऐंशी जणी, त्याने कोणाला काय वाटणार? जवळचं असलं तरच लागतं. टेबल हलायला लागलं. मॅडम म्हणाल्या, बदल छोटाच आहे, समितीला पुन्हा दाखवायची गरज नाही. आमच्याकडे एक समिती आहे. माणसांना पाठवायचा प्रत्येक शब्द आधी तिच्या नजरेखालून जावा लागतो. पहिले मेसेज गेले होते. हा गेला नाही.

या लिहिण्या-खोडण्यात आठवडा गेला. दुपारी अडीचला पाठवायचं ठरलं. वेळ चेतनाने सांगितली होती. सकाळी अकराला बायकांचे हात बर्फात असतात, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून टोपलीखाली. अडीचला बाजार थंड पडतो. अडीचला तिने बटन दाबलं.

दोन दिवसांत काय झालं ते सांगते. साध्या मेसेजवर एकसष्टपैकी चौदा उत्तरं आली. ओळीच्या मेसेजवर एकसष्टपैकी बेचाळीस. मॅडमनी खालून सगळ्यांसाठी पाणीपुरी मागवली. एकूण एकशे चौऱ्याहत्तर. सत्तरच्या वर. मी तीन प्लेटी खाल्ल्या. माझ्या एका वाक्याने हे केलं असं मला वाटत होतं, आणि ते खरंच होतं.

चेतनाने खाल्लं नाही. ती उत्तरांची फाईल उघडून बसली, कोडचा रकाना झाकलेली.

“इकडे बघ,” ती म्हणाली.

बावीस प्रश्न नीट वाचायला बारा मिनिटं लागतात. आम्ही घड्याळ लावून बघितलं होतं. त्या बेचाळीसपैकी बऱ्याच जणींनी एका मिनिटाच्या आत संपवलं होतं. पहिला पर्याय, पहिला पर्याय, पहिला पर्याय. खालपर्यंत. पाणी आहे का? हो. संडास आहे का? हो. ज्या बाजारात संडास नाही, त्या बाजारातल्या बायकांनी हो लिहिलं होतं. मी स्वतः तिथे पाच तास बसून पाणी न पिता घरी गेले होते.

मी म्हटलं, कंटाळा आला असेल.

“कंटाळा आला असता तर केलंच नसतं,” चेतना म्हणाली. “चल माझ्याबरोबर.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिच्या आईच्या बाजारात गेलो. कामासाठी नाही. चेतना म्हणाली, बोंबील घ्यायचेत. वाटेत ती चालता चालता चपलेचा अंगठा नीट करायला तीनदा थांबली. अंगठा तुटलेला नव्हता.

सरूबाईंची ओळ भिंतीकडची. दहा ओटे. आम्ही पोहोचलो तेव्हा शेजारच्या ओट्यावरची रुक्मिणी सुरमई कापत होती आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होती.

“नऊ जणी झाल्या गो. आमची ओळ कोणामुलं रखडली? येकीला लय मोठेपणा.”

पलीकडून कोणीतरी म्हणालं, नाय भरला तर ओटा जातो म्हणतात. तिसरी म्हणाली, एकीचा जातो का ओळीचा? त्यावर दोघीतिघी हसल्या. पण ते हसणं बरं नव्हतं.

मला आधी समजेना. मग मी ओटे मोजले. एक ते दहा. दहा जणी, दहा ओटे, आणि माझं वाक्य. बाकी असलेल्यांना तो आकडा गेला, त्यांनी भरलं, झाले दहापैकी नऊ. प्रत्येकीने शेजारणीला विचारलं असणार, तू दिलंस का? पाच मिनिटांत उरते कोण, ते कळतं. आम्ही नावं पासवर्डमागे लपवली होती आणि ओळीला सांगून टाकलं होतं.

सरूबाई मान खाली घालून बोंबील साफ करत होत्या. त्यांनी रुक्मिणीकडे बघितलं नाही. आमच्याकडे बघितलं.

“आयलीस? किती देऊ?”

चेतना म्हणाली, दे दहा. आवाज अगदी नेहमीचा. पिशवी तिने माझ्याकडे दिली. तिचा हात थंड होता, बोंबलांमुळे असेल.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, दहावी तुझी आई आहे.

ती म्हणाली, हो.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“यादी माझ्याकडेच आहे ना गं.”

तेव्हा मला ते तीन आठवडे कळले. रोज यादी उघडायची. आईचा कोड रिकामा. घरी जायचं. आई भात वाढते. आईला विचारायचं नाही, कारण विचारलं तर यादीतलं फोडलं असं होणार, आणि विचारणारी मुलगी असली की उत्तर आईचं राहत नाही. मी तिला म्हटलं, नुसतं विचारलं असतंस तर काय झालं असतं? घरातली गोष्ट आहे.

“मी विचारलं तर ती भरेल,” चेतना म्हणाली. “माझी नोकरी आहे म्हणून भरेल. तिला नको असलं तरी.” मग म्हणाली, “आणि ओळीचा तो मेसेज तिच्या वाट्याला आला होता. मला दिसत होतं. बटन मीच दाबलं.”

तिने रस्त्यातच अंगठ्याचं नख चावायला सुरुवात केली. मी तिचा हात खाली केला. तिने परत वर नेला.

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सांगितलं. आईचं नाव न घेता. ओळीवरून माणूस ओळखू येतो, बाजारात बायका एकमेकींवर दबाव टाकतायत, ओटा जाणार अशी अफवा उठलीय, आणि आलेली उत्तरं बिनकामाची आहेत. मॅडमनी ऐकलं. पहिल्यांदा म्हणाल्या, थोडा दबाव सगळ्याच आठवणीच्या मेसेजात असतो. चेतनाने वेळांचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. पन्नास सेकंद. अठ्ठेचाळीस सेकंद. संडास: हो. मॅडमनी तो दोनदा बघितला. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची खिडकीकडे वळवली. त्या दिवशी त्यांनी समितीला स्वतः कळवलं की न दाखवलेला मेसेज गेला आणि त्याने त्रास झाला.

बेचाळीस उत्तरं बाजूला काढली. एकशे चौऱ्याहत्तरचे एकशे बत्तीस झाले. पाणीपुरीच्या प्लेटी अजून कचऱ्याच्या डब्यात होत्या.

समितीचं उत्तर यायला सहा दिवस लागले. ते सहा दिवस कोणाला धड काही करता आलं नाही. नवा मेसेज लिहायचा होता. मी अकरा खर्डे केले. प्रत्येकात मी कुठेतरी चांगली दिसत होते. चेतनाने सगळे परत दिले. शेवटी मी म्हटलं, तूच सांग, मी लिहिते.

तिने लगेच सांगितलं नाही. आधी एक गोष्ट सांगितली. ती लहान असताना कोळीवाड्यात कोणाकडे हळद असली की घराघरांत बोलावणं करायला तिला धाडायचे. पहिल्यांदा जाऊन सांगून यायचं. जेवणं मांडली की पुन्हा जायचं, जे आले नाहीत त्यांच्याकडे. त्या दुसऱ्या वेळेसाठी आईने तिला एक नियम घालून दिला होता. का नाय आयलीस, असं विचारायचं नाही. अमकी आली तमकी आली, हे सांगायचं नाही. भात वाढलाय, एवढंच म्हणायचं आणि दारातून परतायचं. आत जाऊन बसायचं नाही, नाहीतर त्यांना उठावं लागतं.

“कोणाच्या घरात काय चाललंय आपल्याला काय ठाऊक,” ती म्हणाली. “कोणाकडे साडी नसते. कोणाचं भांडण असतं.”

मग तिने सांगितलं आणि मी लिहिलं.

‘नमस्कार. मासळी बाजारातल्या कामाच्या पाहणीसाठी तुम्ही नंबर दिला होता. पाहणी २० तारखेपर्यंत चालू आहे. साधारण बारा मिनिटं लागतात. उत्तर द्यायचं असेल तर ही लिंक. वाचायला नको असेल तर खालच्या नंबरवर मिस्ड कॉल द्या, आम्ही फोन करून विचारू. नकोसा प्रश्न सोडून दिलात तरी चालेल. भाग घ्यायचा नसेल तर ‘नको’ एवढं पाठवा, परत मेसेज येणार नाही. कारण सांगायची गरज नाही. उत्तर न दिल्याने ओट्यावर किंवा लायसनवर काहीही परिणाम होत नाही. तुम्ही उत्तर दिलं की नाही, हे बाजारात कोणालाही कळवलं जात नाही.’

मी विचारलं, नको म्हणायचं दार एवढं मोठं ठेवलं तर सगळ्याच त्यातून जातील. चेतना म्हणाली, आत्ता पण त्या गप्पच आहेत ना. गप्प म्हणजे काय ते तुला कळतंय का? मला कळत नव्हतं. मेसेज पाहिला नाही, वेळ नाही, वाचता येत नाही, फोन सुनेकडे आहे, किंवा नको आहे, सगळं यादीत सारखंच रिकामं दिसतं.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हेच बोलून पाठवायचं होतं. मला वाटलं चेतनाचा आवाज योग्य. तिने मान हलवली. तिन्ही बाजार तिचा आवाज ओळखतात. सरूची पोर विचारते म्हटलं की नको म्हणणं जड जातं. “माझा आवाज म्हणजे दबावच,” ती म्हणाली. म्हणून मी बोलले. चार वेळा रेकॉर्ड केलं, कारण खालून झेरॉक्सवाल्याचं मशीन ऐकू येत होतं. माझा मुलुंडचा आवाज बायकांना फार विनोदी वाटला असं नंतर कळलं. एकीने मिस्ड कॉल दिला, मी फोन केला, तर ती आधी शेजारणीला म्हणाली, थांब गो, ती बातम्यावाली बोलतेय.

हा मेसेज फक्त त्या सहासष्ट जणींना गेला ज्यांनी अजून काहीच दिलं नव्हतं. ज्यांनी दिलं होतं त्यांना परत कशाला टोचायचं? त्या बेचाळीस जणींना वेगळा गेला. आमच्या मेसेजमुळे त्रास झाला असेल तर माफ करा. तुमचं उत्तर आम्ही वापरणार नाही. परत द्यायचं असेल तर द्या, पुसून टाकायचं असेल तर सांगा. आणि तोच खुलासा, ओट्यावर काही परिणाम नाही, हा मोठ्या अक्षरांत कागदावर छापून तिन्ही बाजारांत लावला. मॅडम स्वतः गेल्या लावायला. खळीचा डबा घेऊन.

समितीने दोन्ही मेसेज पास केले. परत अडीच वाजता. चेतनाने बटन दाबलं आणि लगेच उठून जिन्यात जाऊन उभी राहिली.

उत्तरं हळूहळू आली. पहिल्या दिवशी सहा. वाचताना वेळ बघायची आता आम्हाला सवय झाली होती. अकरा मिनिटं. चौदा. एकीने वीस घेतली. संडास: नाही. संडास: नाही. एकीने शेवटच्या मोकळ्या जागेत लिहिलं होतं, दुपारी चारपर्यंत चहा पीत नाय. मी ते वाक्य खूप वेळ बघत बसले. एमएला दोन वर्षं मी वाक्यंच बघितली होती.

‘नको’ पण आले. मॅडमना प्रत्येक ‘नको’ला वाईट वाटायचं. चेतना त्यांचा वेगळा रकाना करून नोंद ठेवायची आणि तो नंबर पुढच्या यादीतून काढायची. जोराने काढायची, की-बोर्डवर टक्कन वाजेल असं.

अठरा तारखेला एकशे त्रेसष्ट होते. पाच हवे होते. मॅडम टेबलाजवळ आल्या. म्हणाल्या, चेतना, तुझ्या ओळखीच्या खूप जणी आहेत. पाच जणींना नुसतं भेटून ये. काही बोलू नकोस, नुसतं दिसून ये. त्या बोलल्या आणि त्यांनाच ते ऐकू आलं. चेतनाने त्यांच्याकडे बघितलं.

“मॅडम, मी दिसले की झालंच ना सगळं.”

मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे. आणि गेल्या. त्या वेळी चेतनाच्या आईचा कोड रिकामाच होता. पाचातला एक ती एका जेवणात आणू शकली असती. चेतनाने सांगितलं नव्हतं, पण मला अंदाज होता; मॅडमना नव्हता. टेबल हलत होतं. या वेळी पाय माझा होता.

वीस तारखेला संध्याकाळी सहाला बंद केलं. एकशे सहासष्ट. दोन कमी. सहासष्टपैकी एकवीस जणींनी उत्तर दिलं, सोळा जणींनी ‘नको’ पाठवलं, बाकी शेवटपर्यंत गप्प. बेचाळीसपैकी तेरा जणींनी पुन्हा नीट भरलं, अकरा जणींनी पुसायला सांगितलं. उरलेल्यांचं आम्ही धरलं नाही. मॅडमनी अहवालात सगळं जसं झालं तसं लिहिलं. ओळीचा मेसेजही लिहिला. दुसऱ्या टप्प्याचं पैसे देणाऱ्या संस्थेने अजून कळवलेलं नाही. सोळा ‘नको’ कसे आले, याबद्दल त्यांनी एक पत्र पाठवून विचारलंय. मॅडम त्याला उत्तर लिहितायत. मला खर्डा मागितला नाही.

सोळा जणींत सरूबाई होत्या. ‘नको’ एकोणीस तारखेला आला होता, दुपारी दोन वाजून छत्तीस मिनिटांनी. चेतनाने तो बघितला, नोंदवला, नंबर काढला. मला काही सांगितलं नाही. यादीत जे असतं ते ती मला सांगत नाही.

मला सांगितलं सरूबाईंनी; मेसेजची वेळ मी त्यांच्याच फोनवर बघितली.

वीस तारखेनंतरचा रविवार. मी चेतनाकडे जेवायला गेले होते. धाकूकाका पायरीवर जाळं घेऊन बसले होते. बोंबील तळलेले, तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण. सरूबाई आम्हाला वाढत होत्या आणि एकदम म्हणाल्या, “तुमच्या त्या मोबायलला मी नको म्हटला.”

चेतनाचा घास हातात राहिला. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आईकडेही नाही. ताटाकडे बघत राहिली. तिला माहीत आहे हे आईला कळू द्यायचं नव्हतं. आणि माहीत नाही असं दाखवणंही खोटं होतं.

“तू काय विचारायची नाय,” सरूबाई तिला म्हणाल्या. “मी या पोरीला सांगते. हिनं माझा नंबर लिवून घेतला होता.”

मग त्यांनी मला सांगितलं. प्रश्न होता ओटा कोणाच्या नावावर. ओटा त्यांच्या मोठ्या जावेच्या नावावर. जाऊ चार वर्षांपूर्वी वारली. तिने मरताना सरूबाईंना म्हटलं होतं, तू बस. कागद काही झाला नाही. जावेचा मुलगा पालघरला असतो, तो काही बोललेला नाही, पण विचारलं तर काय बोलेल सांगता येत नाही. म्हणून ती लिंक उघडून त्या बंद करायच्या. तीनदा उघडली होती.

मी म्हटलं, पण तो प्रश्न सोडता आला असता. मेसेजमध्ये लिहिलं होतं.

“वाचला ना,” त्या म्हणाल्या. “पण बाकीचा सगळा भरायचा न तेवढाच सोडायचा, म्हंजे बोट दाखवल्यासारखा. खोटा लिवायचा नव्हता, खरा लिवायचा नव्हता. मग नको लिवला. बरा वाटला.” त्यांनी मला आणखी एक बोंबील वाढला. “रुक्मिणीनं विचारला, दिलास का? मी म्हटला, भिंतीवरचा कागद वाच. कोणाला कलत नाय असा लिवलाय. तुला कसा कलणार?”

धाकूकाका पायरीवरून हसले.

मी चेतनाकडे बघितलं. मला वाटलं ती काही बोलेल. हळदीचं बोलावणं आईच्या लक्षात आहे का, ते विचारेल. निदान सांगेल की त्या मेसेजचे शब्द तिचे होते. ती काही बोलली नाही. मला ती तेव्हा समजली नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण समजलेली नाही. माझ्या आईने माझ्यापासून एखादी गोष्ट तीन आठवडे लपवली असती, तर मी तिसऱ्या दिवशी घर डोक्यावर घेतलं असतं.

चेतनाने घास खाल्ला. पाणी प्यायली. मग कालवणाची वाटी पुढे केली.

“आये, वाढ ना,” ती म्हणाली. “संपलं का?”

“हाय गो,” सरूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.